वरून पिवळाधमक, आत साका

*वकीलताई, मी देवगड तालुक्यातला. हापूस न कापता आत साका, म्हणजे तो पांढरट भुसभुशीत भाग, आहे की नाही ते सांगणारं, हातात धरायचं एक यंत्र आम्ही दोघा मित्रांनी बनवलंय. दोन हंगाम आसपासच्या बागायतदारांच्या आंब्यांवर चाचण्या केल्या. १,८६० फळांचं रीडिंग घेतलं आणि प्रत्येक फळ कापून पडताळलं. गेल्या मे महिन्यात एका आंबा महोत्सवात यंत्र लोकांना दाखवलंही. आता मुंबईतल्या एका निर्यातदार कंपनीला त्यांच्या पॅकहाउसमध्ये चाचणी घ्यायचीय. त्याआधी त्यांनी अकरा पानी ‘म्युच्युअल एनडीए’, म्हणजे दोघांनी एकमेकांची माहिती गुप्त ठेवायचा करार, पाठवलाय, ५ मार्च २०२६ला सही हवीय म्हणतात. मी दोनदा वाचला. पण नेमकं काय गुप्त ठेवायचं, किती वर्षं, आणि कशाला सूट, हे कुणी विचारलं तर तीन वाक्यांत सांगता येईना. नावं खोडून प्रत जोडली आहे.*
*— देवगडचा एक स्टार्टअपवाला*

सांगता येत नाही, कारण त्या तीन गोष्टी तुमच्या मसुद्यात तीन जागी लिहिलेल्याच नाहीत. व्याप्ती पान दोनवर आहे असं वाटतं, पण तिचा अर्धा भाग पान नऊवर आहे. सवलती कलम ४मध्ये आहेत, आणि एक मोठी सवलत कलम ७मध्ये वेगळ्याच मथळ्याखाली बसली आहे. मुदत तर दोन घड्याळांवर चालते. आपल्याकडे कलम म्हटलं की आधी झाड डोळ्यांपुढे येतं. हीही कलमंच आहेत, कुठल्या फांदीवर काय बांधलंय ते पाहिल्याशिवाय फळ कसं येणार ते कळत नाही.

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे ‘आम्ही त्यांना देतो’, उजवीकडे ‘ते आम्हाला देतात’. करारातलं प्रत्येक बंधन यापैकी एका बाजूला लिहायचं. मथळ्यात ‘म्युच्युअल’ आहे म्हणून दोन्ही बाजू सारख्या भरतील असं धरून चालू नका. मी तुमच्या प्रतीवर हे केलं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच कागद एका अंगाला कलला.

कलम १.१ म्हणतं की कंपनीने कुठल्याही स्वरूपात, तोंडी किंवा लेखी, शिक्का असो वा नसो, दिलेली किंवा तुमच्या नजरेस पडलेली प्रत्येक माहिती गोपनीय. कलम १.२ म्हणतं की तुमची माहिती गोपनीय ठरायची तर ती लेखी हवी, तिच्यावर ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेलं हवं, आणि तोंडी सांगितलेलं असेल तर १५ दिवसांत लेखी कळवलेलं हवं. म्हणजे त्यांच्या पॅकहाउसमध्ये तुम्ही चहा पिताना जे ऐकाल ते गुपित, आणि तुम्ही त्यांच्या इंजिनियरला फळ हातात धरून जे समजावाल ते १६व्या दिवशी मोकळं. माझ्या एका अशिलाचं याच कारणाने नुकसान झालं होतं. बैठक छान झाली, फळ्यावर आकृत्या काढल्या, सगळे हसतखेळत उठले, आणि बैठकीत काय सांगितलं याची दोन ओळींची मेल कुणीच पाठवली नाही. पुढे भांडण झालं तेव्हा समोरच्यांनी फक्त तारखा मोजून दाखवल्या.

यावर उपाय दोन. पहिला, १.१ आणि १.२ एकसारखे करून मागा: ‘शिक्का असलेली, किंवा स्वरूप आणि परिस्थिती पाहता कुठल्याही समंजस माणसाला गोपनीय वाटेल अशी माहिती’, दोघांनाही लागू. दुसरा उपाय तुमच्या हातातला आहे. जे द्यायची गरज नाही ते देऊच नका. चाचणीसाठी त्यांना यंत्राचं उत्तर हवंय, ‘साका आहे’ किंवा ‘नाही’. रीडिंगवरून उत्तर कसं काढता, म्हणजे तुमची कॅलिब्रेशनची फाइल, ती त्यांच्या संगणकावर जायचं कारणच नाही.

आता मुख्य दुखणं. कलम १.१च्या पोटात (ङ) नावाचं उपकलम आहे आणि ते फक्त उजवीकडच्या रकान्यात बसतं: ‘चाचणीतून निर्माण होणारा सर्व डेटा, निष्कर्ष, विश्लेषणं व सुधारणा ही कंपनीची गोपनीय माहिती समजली जाईल.’ चाचणीत काय होणार ते डोळ्यांपुढे आणा. तुम्ही त्यांच्या फळाचं रीडिंग घेणार, ते फळ कापणार, आत पांढरट भुसभुशीत भाग आहे का ते पाहणार, आणि ती जोडी, म्हणजे रीडिंग आणि कापल्यावरचं सत्य, तुमच्या १,८६०मध्ये भर घालणार. त्या जोडीवरच तुमचं यंत्र शहाणं होतं. (ङ) जसंच्या तसं राहिलं तर मोसम संपल्यावर तुमच्या यंत्रात त्यांची ‘गोपनीय माहिती’ मिसळलेली असेल, आणि दुसऱ्या कुणाला ते यंत्र विकताना तुम्ही करार मोडताय असं त्यांना म्हणता येईल. दुधात पडलेलं पाणी नंतर वेगळं काढता येत नाही, म्हणून हे सहीच्या आधीच सोडवायला हवं.

त्यांचीही बाजू आहे, ती मान्य करा. कुठल्या बागायतदाराचा माल, कुठल्या लॉटमध्ये किती टक्के फळ बाद झालं, कुठल्या देशाला किती पेट्या गेल्या, कुठल्या भावाने, हे बाहेर गेलं तर त्यांचं खरंच नुकसान आहे. म्हणून रेघ इथे मारा: लॉटचा नंबर, पुरवठादार, भाव, ग्राहक आणि बाद होण्याचं प्रमाण त्यांचं. फळागणिक रीडिंग आणि ‘साका होता/नव्हता’ एवढी नोंद, ज्यावरून माल कुणाचा ते ओळखता येत नाही, ती तुम्हाला यंत्र सुधारायला वापरता येईल, आणि यंत्रातली सुधारणा तुमची. माझ्या अनुभवात निर्यातदार यावर फार अडत नाहीत, कारण त्यांना यंत्र बनवायचं नसतं, चांगला माल भरायचा असतो. अडले, तर त्यांना नेमकं काय हवंय ते तुम्हाला सहीआधी कळलं, हेही बरंच.

व्याप्ती ठरवणारी आणखी दोन वाक्यं व्याख्येबाहेर आहेत. एक, उद्देश. कलम २ म्हणतं ‘संभाव्य व्यावसायिक संबंधांचं मूल्यमापन’. याच्यात काहीही बसतं. ‘२०२६च्या हंगामात अमुक पॅकहाउसमध्ये यंत्राची चाचणी’ एवढंच लिहा, कारण माहिती ‘उद्देशासाठीच’ वापरायची असल्यामुळे उद्देश सैल असला की वापरही सैल होतो. दोन, ‘अफिलिएट्स’. त्यांच्या समूहातली प्रत्येक कंपनी तुमची माहिती पाहू शकते, आणि समूहात उद्या ग्रेडिंगची यंत्रं बनवणारी कंपनी आली तर तीही. नावं लिहून मागा, किंवा ‘ज्यांना चाचणीसाठी माहिती लागते तेच’ असं. उलट तुमच्या बाजूला मोकळीक कमी आहे: वाटाघाटी चालू आहेत हेसुद्धा गुप्त ठेवायचं आहे. मग कर्ज मागताना बँक मॅनेजरला काय सांगाल? सीए, वकील, बँक आणि गुंतवणूकदार यांना, त्यांनीही गुप्तता पाळायच्या अटीवर, सांगायची परवानगी लिहून घ्या.

सवलतींकडे येऊ. कलम ४मध्ये तीन सवलती आहेत: जी माहिती तुमच्या चुकीशिवाय जाहीर झाली आहे, जी तुम्हाला आधीच ठाऊक होती, आणि जी तुम्हाला तिसऱ्या माणसाकडून रीतसर मिळाली. कोर्टाने किंवा सरकारी यंत्रणेने मागितली तर द्यायची मुभा कलम ५मध्ये आहे, शक्य असेल तर आधी कळवून. ही मुभा इतर तिन्हींपेक्षा वेगळी आहे हे लक्षात घ्या. कोर्टाला दिल्याने माहिती गोपनीय राहायची थांबत नाही, फक्त तेवढं देणं हा भंग ठरत नाही.

यात चौथी नेहमीची सवलत नाही: ‘समोरच्याची माहिती न वापरता स्वतंत्रपणे विकसित केलेलं.’ तुमच्यासारख्याला हीच सगळ्यात जास्त लागते. समजा ऑक्टोबरमध्ये तुमचा मित्र घरी बसून रीडिंगची नवी पद्धत काढतो, आणि तशीच कल्पना मे महिन्यात त्यांच्या इंजिनियरने बोलता बोलता सांगितली होती. ‘आधीच ठाऊक होतं’ हे इथे चालणार नाही, कारण ऑक्टोबर मेच्या नंतर येतो. ‘जाहीर आहे’ हेही कदाचित चालणार नाही. चौथी सवलत लिहिलेली असली तरच बचाव उरतो, तोही कुणी काय कधी केलं याच्या नोंदी असल्या तर.

पहिल्या सवलतीत एक बारीक अट आहे, ‘माहितीचे सुटे भाग जाहीर असले म्हणून त्यांची जोडणी जाहीर मानली जाणार नाही.’ ही अट ठेवा. प्रकाशाच्या मदतीने फळाच्या आतलं ओळखता येतं, साक्याचा संबंध उष्णतेशी आहे, हे सगळं छापून आलेलं आहे. तुमचं गुपित म्हणजे त्याची देवगडच्या फळावर बसवलेली जोडणी. ही अट तुमच्याही कामाची आहे. महोत्सवाचं मात्र नीट आठवून लिहून काढा: तुम्ही तिथे फक्त यंत्र चालवून दाखवलंत की आत काय आहे तेही सांगितलंत? जे सांगितलं ते आता कुठल्याच एनडीएने गुपित होणार नाही. आणि पेटंटचा अर्ज अजून केला नसेल तर या पत्राइतक्याच घाईने पेटंट एजंटकडे जा, कारण जाहीर प्रदर्शनाने पेटंटचा नवेपणा जाऊ शकतो.

‘आधीच ठाऊक होतं’ या सवलतीला शेपूट आहे: ‘लेखी नोंदींनी सिद्ध होत असल्यास.’ म्हणजे ओझं तुमच्यावर. वाडीत सगळ्यांना माहीत आहे याला इथे किंमत नाही. पण नोंदी दाखवायच्या म्हणजे गुपितच हातात द्यायचं, हा पेच सुटतो. दोन हंगामांचा डेटा आणि प्रोग्रॅम एका झिप फाइलमध्ये बांधा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरमधून हे चालवा:

```
certutil -hashfile saka_2024_2025.zip SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येईल. तो त्या फाइलचा अंगठा. आत एक आकडा बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी येते, आणि ओळीवरून आतलं काही कळत नाही. कराराला ‘परिशिष्ट अ: सहीच्या दिवशी आमच्याकडे असलेलं’ असं एक पान जोडा. त्यात फाइलचं नाव, तारीख, ‘१,८६० फळांच्या नोंदी, हंगाम २०२४ व २०२५’ आणि ही ओळ. दोघांच्या सह्या त्या पानावरही. झिप पुन्हा उघडून नव्याने बांधू नका, ओळ बदलेल. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी तशाच ठेवा.

आता ती लपलेली सवलत. कलम ७चा मथळा ‘सर्वसाधारण’ आहे आणि त्यात आहे की पाहणाऱ्याच्या स्मरणात, कागदाच्या मदतीशिवाय, जे राहील ते तो कुठेही वापरू शकतो. इंग्रजीत याला रेसिड्युअल्स म्हणतात. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या हे कलम आग्रहाने मागतात. शब्दांवरून दोघांना सारखं दिसतं. पण त्यांच्या पॅकहाउसच्या लॉटचे आकडे कुणाच्या डोक्यात राहत नाहीत, आणि तुमची युक्ती मात्र एका वाक्यात सांगण्यासारखी असेल तर हुशार इंजिनियरच्या डोक्यातून ती कधीच जाणार नाही. हे कलम काढायला सांगा. याच्यावर मी तडजोड करणार नाही.

मुदत. मसुदा संगणकावर उघडा, `Ctrl+F` दाबा आणि `surviv` एवढंच टाइप करा, म्हणजे ‘करार संपल्यावरही टिकणं’ या अर्थाच्या survive शब्दाची सगळी रूपं सापडतील. तुमच्या प्रतीत ते तीन ठिकाणी आहे. कलम ९.१: करार सहीपासून २ वर्षं. हे पहिलं घड्याळ, माहितीची देवाणघेवाण किती काळ चालेल त्याचं. कलम ९.३: करार संपल्यावर गोपनीयता आणखी ५ वर्षं. हे दुसरं. ५ मार्च २०२६ला सही झाली तर करार ४ मार्च २०२८ला संपतो आणि बंधन ४ मार्च २०३३ला. पहिल्या दिवशी ऐकलेली गोष्ट ७ वर्षं सांभाळायची, शेवटच्या दिवशी ऐकलेली ५ वर्षं. पण ९.२मध्ये आहे की ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार दरवर्षी आपोआप वाढेल. मग पहिलं घड्याळ थांबतच नाही आणि दुसरं सुरूच होत नाही. हे काढून टाका. नाहीच काढलं तर डिसेंबर २०२७ मध्ये नोटीस पाठवायची, असं आजच कॅलेंडरवर लिहा.

भाव, लॉट, ग्राहक अशा व्यापारी माहितीला ‘ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून ३ वर्षं’ हे मोजायला सोपं आणि वाजवी आहे. १० मेला दाखवलेला तक्ता, १० मे २०२९ला मोकळा. बहुतेक तरुण उद्योजक इथे थांबत नाहीत, ‘ट्रेड सिक्रेट असेल तोवर कायम’ हे ९.४मधलं वाक्यही काढायला सांगतात, कारण ‘कायम’ शब्दाची भीती वाटते. तुम्ही ते ठेवा. भारतात ट्रेड सिक्रेटसाठी वेगळा कायदा नाही, संरक्षण मुख्यतः करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून मिळतं. मुदत सरळ ३ वर्षं लिहिली तर चौथ्या वर्षी समोरचा म्हणेल, तुम्हीच तर मोकळं केलंत. ‘कायम’ कुणाचं ओझं आहे ते रकान्यात पाहा: जपण्यासारखं टिकाऊ गुपित या व्यवहारात तुमच्याकडे आहे.

राहिलं कलम ११. ‘गोपनीयतेच्या रक्षणार्थ’ तुम्ही करार संपल्यानंतर ३ वर्षांपर्यंत दुसऱ्या कुठल्याही निर्यातदाराला किंवा कॅनिंगवाल्याला असं यंत्र देणार नाही. हे गुप्ततेचं कलम नाही, धंदाबंदी आहे. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७नुसार धंद्याला मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि करार संपल्यानंतरच्या बंदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. मग सही करून टाकू, नाहीतरी रद्दच आहे, असं म्हणू नका. करार चालू असतानाच्या बंदीकडे न्यायालयं वेगळ्या नजरेने पाहतात, म्हणजे पहिली २ वर्षं हे कलम तुम्हाला चावू शकतं, आणि ९.२मुळे ती वर्षं वाढतच जातात. शिवाय उद्याचा गुंतवणूकदार हे वाचून मागे सरेल, तो कोर्टाच्या निकालाची वाट बघणार नाही. पूर्ण काढा.

मसुद्यात करारभंगासाठी ५० लाखांचा दंड लिहिलाय, त्याने झोप उडवून घेऊ नका. करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे ती रक्कम कमाल मर्यादा असते, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. पण तो दंड त्यांच्यावरही असावा, सध्या फक्त तुमच्यावर आहे.

त्यांना अशी मेल पाठवा, इंग्रजी त्यांचे वकील करून घेतील: ‘चाचणीला आम्ही तयार आहोत. सहीआधी एवढे बदल हवेत. १.१ व १.२ दोघांना समान. (ङ)ऐवजी सोबतची वाटणी. कलम २मध्ये उद्देश व माहिती पाहणारे नेमके, आमच्या सीए-बँक-गुंतवणूकदारांना मुभा. कलम ४मध्ये स्वतंत्र विकासाची सवलत आणि परिशिष्ट अ. कलम ७मधलं स्मरणाचं वाक्य, ९.२ आणि ११ वगळावं. व्यापारी माहितीला दिल्यापासून ३ वर्षं, ट्रेड सिक्रेटचं ९.४ आहे तसं. दंड दोन्ही बाजूंना.’ सगळं मान्य होणार नाही. (ङ), स्वतंत्र विकास आणि ११ या तिघांवर अडून राहा, मुदतीच्या वर्षांवर खुशाल सोडा.

मान्य झालं की ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करा. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. आणि ५ मार्चची घाई त्यांच्या कॅलेंडरची आहे. आठ दिवस उशिरा सही झाली तरी त्यांच्या पॅकहाउसमध्ये आंबा असेलच. सुधारित मसुदा आला की पहिल्यांदा (ङ) उघडून बघा आणि मला पाठवा.